निबंधात ८९, आजीपुढे गप्प: एका मराठी परीक्षेची फेरमांडणी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका रुग्णालयात ३१ अमराठी सिस्टर्स होत्या. बहुतेक केरळच्या, चारजणी मणिपूरच्या. रात्रपाळीला एकटीच्या हातात वॉर्ड द्यायचा तर मराठी आलीच पाहिजे, असं व्यवस्थापनानं ठरवलं आणि परीक्षा घ्यायचं काम माझ्याकडे आलं. मी अमराठी प्रौढांना मराठी शिकवते. मी माझ्या सवयीनं शंभर गुणांचा पेपर काढला. लिंग ओळखा, वचन बदला, दहा वाक्यांचं इंग्रजीतून मराठीत भाषांतर, एक उतारा आणि शेवटी 'माझा आवडता सण' यावर निबंध. चाळीसला पास. २२ जणी पास झाल्या.

पंधरा दिवसांनी मेट्रननी मला बोलावलं. पेपरात ८९ गुण मिळवून पहिली आलेली सिस्टर रात्री मेडिसिन वॉर्डला एकटी होती. पहाटे एक आजी दाखल झाल्या. सिस्टरनं "काय होतंय?" विचारलं. आजी म्हणाल्या, "काल रातच्याला जेवण जरा जास्त झालं, पहाटं पोटात कालवाय लागलं, दोनदा परसाकडं जाऊन आले, तवापासून हातपाय गळाल्यात." सिस्टरला 'काल', 'जेवण' आणि 'पोटात' एवढं कळलं. तिनं केसपेपरवर पोटदुखी लिहिली. जुलाब आणि अशक्तपणा हे सकाळच्या पाळीच्या सिस्टरनं लिहिलं. सुदैवानं आजींना काही झालं नाही.

दुसरं उदाहरण याच्या उलट होतं. ऑर्थोच्या वॉर्डातल्या एका सिस्टरला माझ्या पेपरात ३१ गुण, म्हणजे नापास. तिला देवनागरी धड वाचता येत नव्हती. पण सहा वर्षं ती त्याच वॉर्डात होती, आणि मावशी, मामा, पेशंट, नातेवाईक सगळे तिच्याशी मराठीतच बोलायचे. मेट्रन म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या पेपरानं मला नेमकी उलटी यादी दिली."

पेपर 'चुकीचा' नव्हता. त्यात जे मोजलं ते नीट मोजलं होतं. फक्त मोजायचं होतं ते दुसरंच होतं. बी.एड.च्या पुस्तकात याला वैधता म्हणतात. तो धडा मीही पाठ करून पास झाले होते.

पट्टी नेमकं काय सांगते

नव्यानं सुरुवात करताना मी आधी भाषेच्या पातळ्यांची वर्णनं काढून बसले. आपल्याकडे जर्मन किंवा फ्रेंच शिकणाऱ्यांना ए१, ए२, बी१ ही नावं माहीत असतात, कारण त्यांच्या प्रमाणपत्रावर ती छापलेली असतात. ही पट्टी कौन्सिल ऑफ युरोपनं २००१ साली प्रसिद्ध केली. तिच्यात ए, बी, सी अशा तीन पायऱ्या आणि प्रत्येकीचे दोन भाग, म्हणजे एकूण सहा पातळ्या आहेत. अमेरिकेत परराष्ट्र खात्याच्या भाषा-प्रशिक्षणातून आलेली शून्य ते पाचची पट्टी याहून जुनी आहे.

या वर्णनांत एक गोष्ट माझ्या नजरेतून इतकी वर्षं निसटली होती. कुठल्याही पातळीत 'अमुक इतके शब्द' किंवा 'अमुक विभक्ती' असं लिहिलेलं नाही. माणूस काय करू शकतो आणि कोणत्या अटीवर करू शकतो, हे लिहिलेलं आहे. माझा खरा घोळ त्या अटींकडे दुर्लक्ष केल्यामुळे झाला.

सगळ्यात खालच्या, ए१ पातळीचं वर्णन सांगतं की शिकणारा साध्या पद्धतीनं संवाद करू शकतो, पण समोरचा सावकाश आणि स्पष्ट बोलत असेल आणि मदत करायला तयार असेल तरच. म्हणजे नवशिक्याच्या पातळीत निम्मं काम समोरच्यानं करायचं असतं. बी१ला ती अट थोडी सैल होते. तिथे ओळखीच्या विषयावरचं स्पष्ट, प्रमाण भाषेतलं बोलणं असेल तर मुख्य मुद्दे कळतात, आणि झालेली घटना किंवा एखादं कारण जोडून सांगता येतं. बी२ला दोन्ही बाजूंना ताण न पडता बोलणं होतं. सी१ला न बोललेलंही कळतं, म्हणजे शब्दामागचा रोख.

आता रुग्णालयातला पेशंट डोळ्यांपुढे आणा. तो सावकाश बोलत नाही, त्याला धाप लागलेली असते. तो स्पष्ट बोलत नाही, त्याची कवळी काढून ठेवलेली असते. तो प्रमाण भाषा बोलत नाही आणि मदत करायला तयार नसतो, कारण मदत मागायला तोच आलेला असतो. बी१पर्यंतच्या सगळ्या अटी इथे एकदम गळून पडतात. शिकवणीच्या वर्गात बी१ असलेली मुलगी वॉर्डात ए२सारखी का वाटते, याचं उत्तर इथे आहे. ती शिकलेलं विसरलेली नसते. ज्या अटींवर तिची पातळी उभी होती, त्या अटी तिथे नसतात.

त्याच आजींचं वाक्य घेऊन मी तीन सिस्टर्स कल्पून पाहिल्या. नवशिकी सिस्टर विचारेल, "आजी, पोट दुखतं? कधीपासून? किती वेळा?" आजींनी "दोनदा" म्हटलं की ते तिला कळेल, पण दोनदा काय झालं ते कळणार नाही. मधल्या पातळीची सिस्टर 'परसाकडं' या शब्दाला अडेल, पण थांबणार नाही. ती विचारेल, "परसाकडं म्हणजे संडासला ना? पातळ होती का?" तिचा शब्दसाठा कदाचित पहिलीपेक्षा फार मोठा नसेल. तिला अडल्यावर सावरता येतं आणि काल, पहाट, आत्ता हा धागा धरून पुढचा प्रश्न विचारता येतो. वरच्या पातळीची सिस्टर सगळं ऐकून घेईल. मग आजी म्हणतील, "आमचं काय बाई, पिकलं पान." तेव्हा तिच्या लक्षात येईल की आजी खर्चाला घाबरून सलाईन नको म्हणताहेत. ती सुनेला बाजूला घेऊन बोलेल.

एक गंमत म्हणजे वर्णनांत या पायऱ्या एकसारख्या दिसतात, पण चढताना तशा नसतात. वर जाताना पायरी रुंद होत जाते. ए१वरून ए२ला जायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ बी१वरून बी२ला लागतो. तीन महिन्यांत दोन पातळ्या चढलेली विद्यार्थिनी पुढच्या वर्षभरात एकच चढली, तर ती आळशी झाली असा अर्थ काढू नये. शिवाय ही वर्णनं आकाशातून पडलेली नाहीत. नव्वदच्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये ब्रायन नॉर्थ यांच्या प्रकल्पात शिक्षकांना अशी वाक्यं देऊन आपले विद्यार्थी त्यांवर जोखायला सांगितलं होतं. कुठलं वाक्य सोपं आणि कुठलं अवघड, हा क्रम त्या उत्तरांवरून गणितानं लावला. म्हणजे पट्टी ही शिक्षकांच्या नजरेची सरासरी आहे. माणूस भाषा कोणत्या क्रमानं शिकतो, हे ती सांगत नाही.

एक आकडा पुरत नाही

मग मी एक आठवडा वॉर्डात बसले. सिस्टर दिवसभरात मराठीत काय काय करते, ते वहीत लिहीत गेले. निष्कर्ष मला लाज आणणारा होता. मराठी लिहायचं काम जवळजवळ शून्य. केसपेपर, चार्ट, हँडओव्हर सगळं इंग्रजीत. वाचायचं थोडंसं, तेही शेजारच्या मावशी वाचून दाखवतात. ऐकायचं मात्र अखंड, आणि अवघड. बोलायचं मध्यम: प्रश्न विचारणं, सूचना देणं, धीर देणं.

म्हणजे या कामाला लागणारी मराठी ही एक पातळी नव्हती. ऐकण्यात बी१च्या वर, बोलण्यात बी१च्या जवळपास, वाचण्यात ए१, लिहिण्यात काहीच नाही. माझ्या पहिल्या पेपरात १०० पैकी १०० गुण वाचण्या-लिहिण्याला होते. जपानीच्या जेएलपीटी परीक्षेला बसलेल्यांना हे लगेच कळेल. एन५पासून एन१पर्यंत कुठल्याही पातळीत तिथे बोलण्याची परीक्षा नाही. ती पास होऊनही मुलाखतीत तोंड न उघडणारे असतात, आणि त्यात त्या परीक्षेचा दोष नाही. जे तपासलंच नाही ते तिच्या प्रमाणपत्रावर शोधणारा चुकतो.

मग नवा संविधान तक्ता, म्हणजे काय तपासायचं आणि कसं याचा आराखडा, केला. दोन भाग, दोन्हींत स्वतंत्रपणे पास होणं सक्तीचं. एकातले जास्तीचे गुण दुसऱ्यात चालणार नाहीत, कारण गोड बोलणाऱ्या पण काही न कळणाऱ्या सिस्टरला मला वरच्या यादीत पाहायचं नव्हतं. पहिला भाग ऐकण्याचा: पेशंटच्या तोंडचे छोटे ध्वनिमुद्रित तुकडे, उत्तरं इंग्रजी पर्यायांतून. इंग्रजी मुद्दाम, कारण ऑर्थोच्या सिस्टरचं न वाचता येणं ऐकण्याच्या गुणांत मिसळायला नको. दुसरा भाग बोलण्याचा, साधारण दहा मिनिटांचा: आधी पेशंटची माहिती काढणं, मग डिस्चार्जच्या वेळी औषधं समजावणं.

खऱ्या पेशंटचं ध्वनिमुद्रण करायचं नाही, हे पहिल्याच बैठकीत ठरलं. तीन मावशी आणि एक निवृत्त मामा यांना प्रसंग सांगितले आणि त्यांच्या शब्दांत बोलायला लावलं. मी लिहून दिलेली वाक्यं त्यांनी वाचली तेव्हा ती बातम्यांसारखी वाटली. कागद काढून घेतल्यावर मराठी आली.

प्रश्न कसे पडले

ऐकण्यासाठी २४ प्रश्न तयार केले. ते थेट वापरण्याआधी दोन चाचण्या घेतल्या. पहिली मला एका जुन्या सहकाऱ्यानं सुचवली होती, आणि फुकटात होणारी ती सगळ्यात उपयोगी चाचणी आहे. आवाज न ऐकवता फक्त पर्यायांचा कागद द्यायचा. मराठीचा गंध नसलेल्या, नुकत्याच रुजू झालेल्या सहा सिस्टर्सना तो दिला. एका प्रश्नात नातेवाईक विचारतात की साखरेचं इंजेक्शन कधी घ्यायचं, आणि पेशंट उत्तर देतो. सहाच्या सहा जणींनी न ऐकता बरोबर उत्तर दिलं: जेवणाआधी. हा प्रश्न मराठी तपासतच नव्हता, नर्सिंग तपासत होता. असे तीन प्रश्न निघाले. त्यांतल्या दोनांत पेशंटचं उत्तर बदलून अनपेक्षित केलं, कारण पेशंट चुकीचंही वागतात. "डॉक्टर म्हणाले आधी घ्या, पण मी आपली जेवल्यावरच घेते." आता ऐकल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. तिसरा सुधारेना, काढून टाकला.

उरलेले २३ प्रश्न शेजारच्या गावातल्या दुसऱ्या दवाखान्यातल्या २४ अमराठी सिस्टर्सना दिले. या पथदर्शी चाचणीनंतर प्रत्येक प्रश्नाला दोन आकडे काढले. एक, किती जणींना जमला. दुसरा, एकूण गुणांत वरच्या आठजणी आणि खालच्या आठजणी यांच्यात त्या प्रश्नानं फरक केला का.

चांगल्या प्रश्नाचं उदाहरण सांगते. मावशींच्या आवाजात वाक्य होतं, "दोन दिवस झाले, उन्हाळी लागलीया, सारखं उठावं लागतं." पर्याय होते ऊन लागणं, लघवीला जळजळ, जुलाब, झोप न येणं. बरोबर उत्तर लघवीला जळजळ. 'उन्हाळी' ऐकून ऊन आठवावं हा सापळा होता, आणि 'सारखं उठावं लागतं' हा सावध ऐकणारीसाठी धागा. २४ पैकी १३ जणींना जमलं, म्हणजे ०.५४. वरच्या आठांपैकी ७, खालच्या आठांपैकी २. सातातून दोन वजा, भागिले आठ: ०.६३. हा प्रश्न जाणतीला आणि न जाणतीला वेगळं करतो.

आता वाईट प्रश्न. "छातीत भरून आल्यासारखं होतंय." मी बरोबर उत्तर ठरवलं होतं छातीवर दडपण. वरच्या आठांपैकी ३ जणींनीच ते दिलं, खालच्या आठांपैकी ५ जणींनी. उणे ०.२५. म्हणजे जिला मराठी जास्त येते तीच इथे चुकते. असा आकडा आला की परीक्षार्थींना दोष देण्याआधी प्रश्नाकडे बघायचं. हुशार सिस्टर्सनी कफ हा पर्याय निवडला होता, कारण वॉर्डात त्यांनी "छाती भरलीय" हे कफासाठीच शेकडो वेळा ऐकलं होतं. मी दोन डॉक्टरांना ते वाक्य ऐकवलं. एक म्हणाले हृदय, दुसरे म्हणाले कफ. तुकड्यात संदर्भच अपुरा होता. खऱ्या वॉर्डात अशा वेळी शहाणी सिस्टर उत्तर देत नाही, उलट प्रश्न विचारते. हा प्रश्न ऐकण्याच्या भागातून उचलून मी बोलण्याच्या भागात नेला. तिथे मावशी हेच वाक्य म्हणतील आणि सिस्टरनं "दुखतंय की खोकला येतोय?" असं विचारून खात्री करून घेतली की तिला गुण.

२४ माणसांवर काढलेल्या अशा आकड्यांचे दशांश फार गंभीरपणे घ्यायचे नसतात. दोघींनी वेगळी खूण केली असती तरी ते हलले असते. ते आपल्याला फक्त बोट दाखवून सांगतात की हा प्रश्न परत वाच. आणखी चार प्रश्न असेच परत वाचून काढले. १८ उरले.

पास कितीला?

इथे व्यवस्थापनाचं म्हणणं होतं, "चाळीस टक्के ठेवा, सगळीकडे तेच असतं." पण चाळीस टक्क्यांना स्वतःचा काही अर्थ नाही. प्रश्न सोपे काढले तर चाळीसवाली काहीच जाणत नसेल, अवघड काढले तर चाळीसवाली पंडित असेल.

अमेरिकेतल्या विल्यम अँगॉफ यांच्या १९७१ मधल्या लेखातून आलेली एक पद्धत आम्ही वापरली. पाचजणांना बसवलं: मेट्रन, दोन ज्येष्ठ मराठी सिस्टर्स, एक निवासी डॉक्टर आणि मी. सगळ्यांनी आधी एका सिस्टरचं चित्र डोळ्यांपुढे आणायचं: रात्री एकटीला वॉर्ड द्यावा की नको याच्या बरोबर काठावर असलेली, जेमतेम चालेल अशी. मग एकेक प्रश्न ऐकायचा आणि सांगायचं की अशा दहाजणी असतील तर कितींना हा जमेल. 'उन्हाळी'ला उत्तरं आली ४, ५, ६, ५ आणि ९. नऊ डॉक्टरांचे. ते म्हणाले, "हे तर साधं आहे, रोज ऐकतो." ते स्वतः सांगली जिल्ह्यातले. काठावरची सिस्टर सोडून ते स्वतःलाच डोळ्यांपुढे धरत होते. जाणकारांकडून ही चूक हमखास होते. मी त्यांना पथदर्शी चाचणीतला १३ जणींचा आकडा दाखवला. दुसऱ्या फेरीत ते ६वर आले आणि सरासरी ५.८ वरून ५.२ झाली, म्हणजे या प्रश्नाचा वाटा ०.५२. असे अठराही वाटे मिळवले. पहिल्या फेरीत बेरीज १२.९ आली होती, दुसरीत ११.६. आम्ही १२ धरले.

११ आणि १२ यांच्यात भिंत उभी केली तरी मोजमाप तेवढं धारदार नाही, हे मी बैठकीत पुन्हा पुन्हा सांगितलं. अठरा प्रश्नांच्या परीक्षेत तीच बाई दुसऱ्या दिवशी एक-दोन गुण वरखाली होऊ शकते. म्हणून १० किंवा ११ मिळवणारीला महिन्याच्या आत दुसरी संधी द्यायची असं ठरलं. आणि निकालाचा पगाराशी संबंध जोडायचा नाही. नापास झाली तर फक्त रात्री एकटी ड्युटी नाही, कोणीतरी मराठी सोबत. हा मुद्दा मी लेखी घेतला.

बोलण्याचे गुण

ऐकण्यात उत्तर बरोबर किंवा चूक. बोलण्यात तपासणारा माणूस हेच मोजमापाचं यंत्र, आणि ते यंत्र मीच होते.

आम्ही तीन गोष्टींना शून्य ते तीन गुण ठेवले: मुद्दा पोचला का, धागा सांभाळला का, अडल्यावर सावरलं का. पेशंटचं काम एका निवृत्त मावशींनी केलं. त्यांच्या हातात एक कार्ड असायचं. प्रत्येक सिस्टरबरोबर एकदा अस्पष्ट बोलायचं, एकदा सूचना उलटी समजल्याचं दाखवायचं, एकदा औषधाला नको म्हणायचं. हे कार्ड नसतं तर मावशींनी ओळखीच्या सिस्टरला मदत केली असती आणि अनोळखीला छळलं असतं. पहिल्या सरावात तसं झालंही.

दहा सराव-ध्वनिमुद्रणांना मी आणि एका ज्येष्ठ सिस्टरनं वेगवेगळे गुण दिले. दहांपैकी अगदी सारखे गुण फक्त चारांत, आणि तीन ठिकाणी दोन किंवा अधिक गुणांचा फरक. सोबत बसून ऐकल्यावर कारण कळलं. मी लिंगाच्या चुका मोजत होते. मल्याळममध्ये विशेषण आणि क्रियापद लिंगानुसार बदलत नाही, त्यामुळे "तुमची पोट दुखते का?", "गोळी घेतला का?" हे सतत यायचं, आणि माझा हात आपोआप कापायला जायचा. पण पेशंटला यातलं प्रत्येक वाक्य कळत होतं. ज्येष्ठ सिस्टर मात्र आवाजातल्या मायेला गुण देत होत्या. आम्ही दोघीही पट्टीवर नसलेलं मोजत होतो.

खरी धोक्याची चूक तिसरीच होती. एका मुलीचं बोलणं अस्खलित, लिंगवचन शुद्ध, आणि ती म्हणाली, "ही गोळी रिकाम्या पोटी घ्या, नको, जेवल्यावर... हां, रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवायच्या आधी." ऐकणाऱ्याच्या डोक्यात काय उरलं? तिला माझ्याकडून आठ गुण मिळाले होते. यावरून नियम केला: सूचना उलटी पोचली आणि सिस्टरनं स्वतः सुधारली नाही, तर 'मुद्दा पोचला'ला शून्य, आणि कुठेही शून्य म्हणजे नापास. पास व्हायला नवापैकी सहा.

'तू' आणि 'तुम्ही'वर आमचं अर्धा तास भांडण झालं. "आजी, तू जेवलीस का?" हे आपुलकीचं की उद्धट? मी म्हणाले, पन्नाशीच्या बाप्याला "तू गोळी घेतली का" म्हटलं तर तो भडकेल. मेट्रन म्हणाल्या, आजीला 'तुम्ही' म्हटलं तर तिला परकं वाटेल. युरोपच्या पट्टीतही प्रसंगाला शोभेल असं बोलणं वेगळं मोजलं जातं, पण तिथल्या लोकांना सांगलीची आजी माहीत नाही. शेवटी पुरुष पेशंटला 'तू' म्हटलं तर तपासणाऱ्यानं नोंद करायची, गुण कापायचा नाही, असं ठरलं. मला ते अजून पूर्ण पटलेलं नाही.

सगळ्यांनी मान्य केलेली चार ध्वनिमुद्रणं नमुना म्हणून ठेवली, दर परीक्षेआधी दोघींनी ती ऐकायची. त्यानंतर नवीन दहा ध्वनिमुद्रणांत आठांवर आमच्यात एका गुणापेक्षा जास्त फरक नव्हता.

निकाल आणि त्यानंतर

मधल्या काळात दोघी नोकरी सोडून गेल्या, २९ बसल्या. दोन्ही भागांत १७ पास, फक्त बोलण्यात ५, फक्त ऐकण्यात ३, कशातच नाही अशा ४. निबंधात ८९ मिळवलेल्या सिस्टरला ऐकण्यात १८ पैकी ७ मिळाले, बोलण्यात सहा. ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "मॅडम, तुम्ही शिकवलेलं कोणी बोलतच नाही." ऑर्थोच्या सिस्टरला ऐकण्यात १६.

तयारीची पद्धतही बदलली. पूर्वी हॉस्टेलवर निबंधाच्या झेरॉक्स फिरायच्या. आता मुली दुपारी मावशींबरोबर डबा खायला बसू लागल्या आणि 'चमक मारते', 'कळ येते', 'ठणकतंय' यांतला फरक वहीत मल्याळममध्ये लिहू लागल्या. मावशींना एवढं महत्त्व आलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

परीक्षेची एक उणीव लगेच दिसली. नवजात बालकांच्या अतिदक्षता विभागातल्या सिस्टरला पेशंट बोलतच नाही, बोलते ती घाबरलेली आई. तिला लागणारी मराठी, म्हणजे खोटी आशा न देता धीर देणं, ही बी२च्या आसपासची गोष्ट आहे आणि आमच्या दहा मिनिटांत ती कुठेच नाही. त्या विभागापुरता आमचा निकाल वापरू नका, असं मी लिहून दिलं.

दुसरी अडचण महिन्याभरानं आली, काठावरच्या सिस्टर्ससाठी दुसरा संच घेतला तेव्हा. दोन संच सारखेच अवघड आहेत हे ताडायला पहिल्यातले सहा प्रश्न दुसऱ्यात तसेच ठेवले होते. सहा सामाईक प्रश्नांवरची कामगिरी जुळली की बाकीच्या बारांची तुलना करता येते. पाचांवर आकडे आधीच्याच आसपास राहिले. 'उन्हाळी' मात्र बसलेल्या सगळ्यांना जमली. चौकशी केली तेव्हा कळलं की पहिल्या परीक्षेच्या दिवशीच संध्याकाळी तो शब्द हॉस्टेलच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला होता, खाली मल्याळममध्ये अर्थासकट. तुलना पाच प्रश्नांवर केली, 'उन्हाळी' संचातून काढली, आणि मावशींना म्हटलं, लघवीच्या त्रासाला तुमच्याकडे आणखी काय म्हणतात ते सांगा.